बाकी भाजकापेक्षा लहानच का हवी?

प्राथमिक शाळेच्या वहीत भागाकाराचं उदाहरण संपलं की खाली पडताळ्याची एक ओळ असते: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. गुणाकार करायचा, बाकी मिळवायची, मूळ संख्या आली की उत्तर बरोबर. मग आता ४७ ला ६ ने भागून आलेली ही तीन उत्तरं बघा.

४७ = ६ × ७ + ५
४७ = ६ × ६ + ११
४७ = ६ × ५ + १७

पडताळा घेतला तर तिन्ही ओळी बरोबर आहेत. छत्तीस आणि अकरा सत्तेचाळीसच होतात, तीस आणि सतराही. तरीही गुण मिळतात ते फक्त पहिल्या ओळीला. का, असं विचारलं की उत्तर येतं, ‘बाकी भाजकापेक्षा लहान असते, असा नियमच आहे.’ नियम आहे हे खरं, पण तो नसता तर काय बिघडलं असतं, हे सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं. आणि बिघडतं ते बरंच.

आधी साधा अर्थ. ४७ लाडू आहेत आणि सहा-सहाचे पुडे बांधायचे आहेत. सहा पुडे बांधून झाले आणि ताटात ११ लाडू उरले, तर कोणीही म्हणेल, अहो, अजून एक पुडा होतोय की! तो बांधला की सात पुडे होतात आणि ५ लाडू उरतात. आता पाचात सहाचा पुडा होत नाही, म्हणून हात थांबतो. ‘बाकी भाजकापेक्षा लहान’ म्हणजे एवढंच, की वाटणी मध्येच सोडलेली नाही, शेवटापर्यंत नेली आहे. ११ ही बाकी चुकीची नाही, ती अर्धवट आहे.

नियमाचा दुसरा अर्धा भाग बोलून दाखवायची वेळ शाळेत येत नाही. बाकी शून्यापेक्षा कमीही चालत नाही. नाहीतर ४७ = ६ × ८ − १ हेही खरंच आहे. आठ पुडे बांधले, पण एक लाडू शेजारून उसना आणला. म्हणून पूर्ण अट अशी: बाकी शून्य किंवा त्याहून मोठी आणि भाजकापेक्षा लहान. चिन्हांत लिहायचं तर a = b × q + r आणि 0 ≤ r < b. यात a भाज्य, b भाजक, q भागाकार, r बाकी.

ही अट नेहमी पाळता येतेच, याची खात्री कशी? संख्यारेषेवर ६ च्या पाढ्यातल्या संख्यांवर खुणा करा: ०, ६, १२, १८, असं करत ४२, ४८, ५४ आणि पुढे कितीही. खुणांमधलं अंतर सगळीकडे सहाच. आता कुठलीही पूर्ण संख्या घ्या. ती एकतर एखाद्या खुणेवर बसेल, नाहीतर दोन लागोपाठच्या खुणांच्या मध्ये पडेल. ४७ ही ४२ आणि ४८ च्या मध्ये पडते. मागची खूण कितवी ते सांगतो भागाकार, ४२ म्हणजे सातवी. त्या खुणेपासून संख्या किती पुढे आहे ते सांगते बाकी, म्हणजे ५. खुणेपासून सहा घरं पुढे गेलात तर तुम्ही पुढच्याच खुणेवर पोचता, त्यामुळे बाकी जास्तीत जास्त पाच. ० ते ५ या सहाच बाक्या शक्य आहेत, सातवी नाही.

उत्तर एकच येतं, हेही पाहून घेऊ, कारण नियमाचं खरं काम ते आहे. समजा दोन मुलांनी एकच संख्या ६ ने भागली, दोघांनीही अट पाळली, तरी उत्तरं वेगळी आली. पहिल्याचा भागाकार q आणि बाकी r, दुसऱ्याचा भागाकार Q आणि बाकी R. संख्या एकच असल्यामुळे ६ × q + r = ६ × Q + R. यातून ६ चे सगळे एका बाजूला आणि बाक्या दुसऱ्या बाजूला नेल्या, तर ६ × (q − Q) = R − r. डाव्या बाजूला सहाची पट आहे. उजव्या बाजूला दोन बाक्यांमधला फरक आहे, आणि दोन्ही बाक्या ० ते ५ मधल्याच असल्यामुळे तो फरक जास्तीत जास्त ५. सहाची पटही हवी आणि आकार सहापेक्षा लहानही हवा, अशी संख्या एकच, शून्य. म्हणजे बाक्या सारख्या आणि भागाकारही सारखे. अट काढून टाका, की हा युक्तिवाद तिथेच कोसळतो. ११ आणि ५ मधला फरक ६ आहे, ती सहाची पट आहे आणि शून्य नाही. म्हणूनच वरच्या तीन ओळी एकत्र नांदू शकल्या.

इथवरचं वाचून वाटेल, की हा गणितज्ञांचा काटेकोरपणा आहे. पाचवीतल्या पोराला एकमेवपणाशी काय देणंघेणं? पण आपण सगळे जी उभी भागाकाराची रीत शिकलो, एक एक अंक खाली उतरवण्याची, ती रीतच या अटीवर उभी आहे. अट एका पायरीवर मोडली तरी पुढची पायरी बिघडते, आणि कशी बिघडते ते पाहण्यासारखं आहे.

८५३४ भागिले ७ घेऊ. आधी बरोबर रीतीने. डावीकडचा ८ घ्या: सात एके सात, भागाकारात १, बाकी १. शेजारचा ५ खाली उतरवला, १५ झाले: सात दुणे चौदा, भागाकारात २, बाकी १. पुढचा ३ उतरवला, १३ झाले: सात एके सात, भागाकारात १, बाकी ६. शेवटचा ४ उतरवला, ६४ झाले: सात नव्वे त्रेसष्ट, भागाकारात ९, बाकी १. भागाकार १२१९, बाकी १. पडताळा: ७ × १२१९ = ८५३३, अधिक १, म्हणजे ८५३४.

आता दुसऱ्या पायरीवर चूक करू. १५ मध्ये सात दोनदा जातात, पण मुलाने एकदाच घेतले: सात एके सात, बाकी ८. ही बाकी सातपेक्षा मोठी आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही आणि त्याने ३ खाली उतरवला. झाले ८३. आता सातचा पाढा म्हणत तो सात दाहे सत्तरवर येतो, तरी १३ शिल्लक राहतात. मग पुढे जाऊन सात अकरे सत्त्याहत्तर. भागाकाराच्या जागी ११ लिहिले, बाकी ६. पुढे ४ उतरवला, ६४, नऊ वेळा, बाकी १. भागाकार दिसतो १, १, ११, ९ असा. सरळ ओळीत वाचला तर अकरा हजार एकशे एकोणीस. आठ-साडेआठ हजारांना सातने भागून अकरा हजार!

गंमत अशी, की या मुलाने बेरीज-वजाबाकी कुठेही चुकवलेली नाही. त्याच्या आकड्यांना स्थानिक किमतीचा न्याय दिला तर उत्तर बरोबर येतं: १ हजार, १ शतक, ११ दशक, ९ एकक, म्हणजे १००० + १०० + ११० + ९ = १२१९. शतकाच्या घरात जो एक सात आणखी जायला हवा होता, तो राहून गेला आणि दशकाच्या घरात दहा होऊन आला. एका घरात मात्र एकच अंक मावतो, ० ते ९. त्यात अकरा कोंबले की शेजारचे सगळे अंक सरकतात.

मग बाकी लहान ठेवली तर पुढच्या घरात कधीच दोन अंकी आकडा येणार नाही, याची हमी कुठून येते? हिशेब छोटा आहे. भाजक ७ असेल तर बाकी जास्तीत जास्त ६. ती पुढच्या घरात गेली की दहापट होते, म्हणजे ६०. त्यात उतरवलेला अंक जास्तीत जास्त ९. एकूण ६९. सातचे दहा वेळा म्हणजे ७०, आणि ६९ त्याच्या एका पाऊल अलीकडे थांबतात. भाजक कितीही असो, हे असंच घडतं: भाजकापेक्षा एकने लहान संख्येची दहापट अधिक नऊ म्हणजे भाजकाच्या दहापटीपेक्षा बरोबर एकने कमी. अट इतकी नेमकी बसते, की तिच्यात एकाचीही सूट देता येत नाही. बाकी सातच्या सात राहू दिली तर ती पुढच्या घरात ७० होते आणि अंक दहावर जातो. म्हणून मुलांना प्रत्येक अंक उतरवण्याआधी बाकीकडे बघायला शिकवावं. शेवटी एकदा बघून भागत नाही, कारण मधली मोठी बाकी पुढच्या पायरीत गडप होते. वरच्या उदाहरणात शेवटची बाकी १ आहे, अगदी निर्दोष.

याच अटीची दुसरी बाजू म्हणजे गाळलेला शून्य, आणि माझ्या मते भागाकारातली सगळ्यात चिवट चूक हीच. १८३६ भागिले १८. पहिले १८ घेतले, एकदा गेले, बाकी ०. ३ उतरवला. तीन अठरापेक्षा लहान. इथे मुलं म्हणतात, ‘भाग जात नाही,’ आणि लगेच ६ उतरवून ३६ करतात, दोन वेळा, संपलं. उत्तर १२. खरं तर भाग गेला, शून्य वेळा गेला. ३ = १८ × ० + ३, आणि ही बाकी अटीत बसते. त्या घराचा अंक शून्य आहे आणि तो लिहायलाच हवा, कारण घर रिकामं सोडता येत नाही. उत्तर १०२. ‘भाग जात नाही’ या शब्दांऐवजी ‘शून्य वेळा जातो’ असं बोलायची सवय लावली तर निम्मं काम होतं. लहान संख्येला मोठीने भागतानाही तेच: ३ भागिले ७ म्हणजे भागाकार ०, बाकी ३.

या दोन चुका शेजारी ठेवून पाहा. गाळलेला शून्य पडताळ्यात लगेच पकडला जातो, कारण १८ × १२ = २१६, १८३६ च्या जवळपासही नाही. पण ४७ = ६ × ६ + ११ हे उत्तर पडताळ्यात बिनबोभाट पास होतं. म्हणून पडताळ्याच्या ओळीखाली दुसरी ओळ हवी: बाकी भाजकापेक्षा लहान आहे का? दोन्हींना ‘हो’ आलं, तरच उत्तर बरोबर.

जाता जाता, शून्याने का भागत नाहीत याचंही उत्तर याच अटीत आहे. ५ भागिले ० करायचं म्हटलं तर ५ = ० × ९ + ५ हे समीकरण खरंच आहे, आणि ९ च्या जागी १०० घातले तरी खरंच. नुसत्या सूत्राला शून्य भाजक अजिबात खटकत नाही. अट मात्र बाकीला सांगते, शून्य किंवा मोठी हो आणि शून्यापेक्षा लहानही हो. अशी संख्याच नाही.

आता ऋण संख्यांकडे येऊ, कारण तिथे ही अट शाळेबाहेर पडून लोकांची झोप उडवते. उदाहरण वारांचं घेऊ. १५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार होता. मग २६ जानेवारी १९५० ला कोणता वार? मधले दिवस मोजा. १५ ऑगस्ट १९४९ पर्यंत दोन वर्षं, त्यात १९४८ लीप, म्हणून ७३१ दिवस. तिथून ऑगस्टचे उरलेले १६, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१ आणि जानेवारीचे २६, मिळून १६४. एकूण ८९५. आता ८९५ = ७ × १२७ + ६. पूर्ण आठवडे १२७, ते वाराला हलवत नाहीत. उरलेले ६ दिवस शुक्रवारच्या पुढे मोजा: शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. पहिला प्रजासत्ताक दिन गुरुवारी होता, आणि तो खरोखरच गुरुवार होता. इथे भागाकार टाकून दिला आणि फक्त बाकी वापरली. बाकी ० ते ६ मध्येच येणार, वारही सातच, म्हणून एका बाकीला एक वार नेमका मिळतो.

मागे जायचं असेल तर? ‘छोडो भारत’ची घोषणा झाली, रात्रीत धरपकड झाली आणि मुंबईत जनता रस्त्यावर उतरली, तो ९ ऑगस्ट १९४२. तो दिवस १५ ऑगस्ट १९४७ च्या १८३२ दिवस आधीचा: पाच वर्षांचे १८२६, कारण १९४४ लीप, आणि वरचे ६. मागे जायचं म्हणून संख्या −१८३२. हिला ७ ने भागायचं.

पुष्कळ जण आधी १८३२ भागिले ७ करतात, २६१ आणि बाकी ५, आणि दोन्हीला ऋण चिन्ह चिकटवतात: −१८३२ = ७ × (−२६१) − ५. समीकरण बरोबर आहे, पण बाकी −५, अटीबाहेर. संख्यारेषेवर परत जा. −१८३२ च्या डावीकडची, म्हणजे मागची खूण कोणती? −१८२७ ही तिच्या उजवीकडे आहे, मागची खूण −१८३४. म्हणून −१८३२ = ७ × (−२६२) + २. भागाकार −२६२, बाकी २. शुक्रवारच्या पुढे दोन, रविवार. ९ ऑगस्ट १९४२ रविवारच होता. शुक्रवारपासून पाच मागे मोजले तरी रविवारच येतो, कारण −५ आणि २ यांच्यात बरोबर सातचा फरक आहे. माणूस दोन्ही रीतींनी मुक्कामी पोचतो.

संगणक पोचेलच असं नाही. बाकी काढायला प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक भाषांत % हे चिन्ह असतं, पण ऋण संख्येपुढे त्यांचं एकमत नाही.

```
C, Java:  -1832 % 7   ->  -5
Python:   -1832 % 7   ->   2
```

सी आणि जावा भागाकार शून्याच्या दिशेने कापतात, −२६१.७ चे −२६१ करतात, म्हणून बाकी ऋण येते. पायथन खालच्या दिशेने जातो, −२६२ घेतो. दोन्हीकडे भाज्य = भाजक × भागाकार + बाकी हे सूत्र तंतोतंत पाळलेलं असतं, पाळण्यात फरक पडतो तो अटीचा. पायथनही गणिताच्या अटीला पूर्ण धरून नाही. भाजक ऋण दिला, म्हणजे `17 % -5` विचारलं, तर तो −३ सांगतो. गणितात भाजक ऋण असेल तेव्हा बाकी ० पासून भाजकाच्या चिन्ह सोडून किमतीच्या आत हवी, म्हणून १७ = (−५) × (−३) + २, बाकी २.

वार काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सात नावांची यादी असते, ० ते ६ क्रमांकांची. १९४७ नंतरच्या तारखा देऊन तपासलं की सगळं सुरळीत चालतं. आधीची तारीख दिली की यादीतलं उणे पाचावं नाव मागितलं जातं. जावा तिथेच चूक दाखवून थांबते, हे त्यातल्या त्यात बरं. सी बऱ्याचदा तक्रार न करता यादीच्या बाहेरची मेमरी वाचते आणि काहीही हाती देते. असा दोष ओळखायची खूण सोपी आहे: पुढच्या तारखा बरोबर, मागच्या बिघडलेल्या, पण फरक सातच्या पटीत असेल तर मागचीही बरोबर, कारण तेव्हा बाकी ० येते आणि शून्याला चिन्ह नसतं.

उपाय एका ओळीचा आहे. यात n म्हणजे दिवसांचा फरक, मागे जायचं असेल तर ऋण.

```
((n % 7) + 7) % 7
```

आतली बाकी −५ आली तर सात मिळवून २ होतात, आणि २ ला परत सातने भागलं तर बाकी २ च. आतली बाकी आधीच नीट, म्हणजे ६ आली, तर सात मिळवून १३ होतात, मग बाहेरचा भागाकार तो जादा सात काढून टाकतो आणि पुन्हा ६ उरतात. आतली −६ ते ६ मधली कुठलीही बाकी घालून बघा, बाहेर येताना ती ० ते ६ मध्येच असते. जावात हेच काम करणारं `Math.floorMod` तयार आहे, भाजक धन असेल तर डोळे मिटून तेच वापरावं.